उशिरा कळवले आणि ड्रायव्हरचे लायसन्स बनावट, या दोन कारणांवरून नाकारलेला ओन डॅमेज क्लेम

प्रश्न: माझी पिकअप ड्रायव्हरच्या हातून पलटी झाली. घरात आजारपण असल्याने विमा कंपनीला नऊ दिवसांनी कळवलं. सर्व्हेयरने नुकसान २,४०,००० रुपये धरलं होतं. आता पत्र आलंय की उशिरा कळवलं आणि ड्रायव्हरचं लायसन्स बनावट आहे, म्हणून क्लेम नामंजूर. काही करता येईल का?

उत्तर:

करता येईल, मात्र ही दोन कारणे सारख्या वजनाची नाहीत, त्यामुळे त्यांना उत्तरही वेगवेगळे द्यावे लागेल. मी बरीच वर्षे मोटार सर्व्हेयर म्हणून काम केले आहे. माझ्या मते उशिराचे कारण कंपनीची कमकुवत बाजू आहे आणि खरी लढाई लायसन्सवर होईल.

आधी उशिराचे पाहू. पॉलिसीत ‘अपघात होताच लेखी कळवावे’ अशी अट असते, हे खरे. पण त्या अटीचा हेतू एवढाच, की कंपनीला वेळेवर गाडी पाहता यावी आणि घटना खरी आहे की नाही हे तपासता यावे. विमा नियामकाने सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले होते की, वेळेत कळवले असते तरीही जो क्लेम नाकारावा लागला असता, तोच उशिराच्या कारणावरून नाकारता येतो. खरा क्लेम केवळ उशीर झाला म्हणून फेटाळू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या खटल्यात याच परिपत्रकाचा आधार घेतला. तिथे ट्रक चोरीला गेला होता आणि कंपनीला कळवायला ८ दिवस लागले होते. उशिराचे कारण पटण्याजोगे असेल आणि तपासनिसाने घटना खरी असल्याची खात्री केलेली असेल, तर क्लेम नाकारणे न्याय्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. तुमचा विषय चोरीचा नसून अपघाताचा आहे, म्हणून हा निकाल लागू नाही असे कंपनी म्हणेल. त्यावर पत्रात एकच प्रश्न विचारा: या नऊ दिवसांमुळे तुमचे नेमके काय पाहायचे राहिले? कंपनीच्याच सर्व्हेयरने गाडी पाहिली, फोटो काढले आणि रक्कमही ठरवली. गाडी त्या काळात दुरुस्तीला उघडली नव्हती, हे गॅरेजच्या जॉबकार्डावरील तारखेवरून दाखवा आणि आजारपणाचे डिस्चार्ज कार्ड जोडा. सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागून घ्या, कारण तुमचा सर्वांत चांगला साक्षीदार तोच आहे.

आता लायसन्स. पत्रात ‘बनावट’ असे लिहिले म्हणून ते सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे. कंपनीने आरटीओकडून आणलेल्या पडताळणीची प्रत मागा आणि तिच्यावरची भाषा नीट वाचा. अशा कागदांवर पुष्कळदा फक्त ‘नोंद आढळत नाही’ एवढेच असते. जुन्या, हाताने लिहिलेल्या पुस्तिकांच्या लायसन्सपैकी अनेकांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही, आणि तपासनीस ऑनलाइन शोध घेऊन तेवढ्यावर अहवाल देतात. नोंद न सापडणे आणि लायसन्स बनावट असणे यांत मोठा फरक आहे. ज्या आरटीओचे नाव लायसन्सवर आहे, तिथे स्वतः किंवा माहिती अधिकारात अर्ज करून मूळ नोंदवहीचा उतारा मागवा.

समजा, लायसन्स खरोखरच बनावट निघाले, तरीही सगळे संपत नाही. निर्मला कोठारी विरुद्ध युनायटेड इंडिया या २०२० च्या निकालात विषय ओन डॅमेजचाच, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाच होता आणि लायसन्स बनावट होते. न्यायालयाने सांगितले की, ड्रायव्हर नेमताना मालकाने त्याचे लायसन्स पाहावे आणि त्याला गाडी चालवता येते की नाही हे तपासावे, एवढीच अपेक्षा आहे. वरकरणी खरे दिसणारे लायसन्स आरटीओकडे जाऊन पडताळावे, असे बंधन त्याच्यावर नाही. शंकेला जागा असेल तरच पुढची चौकशी अपेक्षित आहे. म्हणजे तुमचा पुरावा कंपनीच्या फायलीत नसून तुमच्या घरातल्या कपाटात आहे: नेमणुकीच्या वेळी घेतलेली लायसन्सची झेरॉक्स, पगाराच्या बँक नोंदी, आणि कामावर ठेवण्यापूर्वी त्याला गाडी चालवायला लावली होती हे सांगणारे शपथपत्र. झेरॉक्स अपघातानंतर घेतलेली असेल तर ती आधीची म्हणून दाखवू नका.

मात्र ड्रायव्हरकडे कधीच लायसन्स नव्हते आणि तुम्हाला ते माहीत होते, असे असेल तर ही वाट बंद आहे. तिथे मालकाला क्वचितच दाद मिळते. अपवाद म्हणजे नुकसान चालवण्यामुळे झालेलेच नसेल तर. जितेंद्रकुमार विरुद्ध ओरिएंटल (२००३) या निकालात यांत्रिक बिघाडाने गाडीला आग लागली होती, म्हणून लायसन्सचा मुद्दा गैरलागू ठरला. पलटीला हा युक्तिवाद चालणार नाही. आणि क्लेम फॉर्ममध्ये लायसन्स असलेल्या दुसऱ्या कुणाचे नाव घालण्याचा सल्ला कुणी दिलाच, तर तो ऐकू नका. रुग्णालयाच्या अपघात नोंदीत जखमी ड्रायव्हरचे खरे नाव असते, आणि एकदा खोटेपणा उघड झाला की उरलेल्या सगळ्या मुद्द्यांचा जीव जातो.

मागणी दोन पायऱ्यांत मांडा. पहिली, पूर्ण २,४०,००० रुपये व्याजासह. दुसरी पर्यायी: अटीचा भंग झाला असे मानले तरी तो मूलभूत नाही, म्हणून ‘नॉन स्टँडर्ड’ तत्त्वावर, म्हणजे भंगापोटी काही भाग कापून, ७५ टक्के रक्कम, १,८०,००० रुपये, द्यावी. अमलेंदू साहू विरुद्ध ओरिएंटल (२०१०) हा त्याचा आधार आहे. तिथे भंग गाडीच्या वापराचा होता, लायसन्सचा नव्हता. म्हणून ही हमखास मिळणारी रक्कम समजू नका, पण मागणी न केल्यास ती विचारातच घेतली जात नाही.

हे सगळे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पाठवा. उत्तर समाधानकारक नसेल, किंवा एक महिन्यात आलेच नाही, तर पुढे दोन वाटा आहेत. विमा लोकपालाकडे नामंजुरीपासून एका वर्षात जाता येते, तिथे शुल्क आणि वकील दोन्ही लागत नाहीत, आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. पण तिथे कामकाज मुख्यतः कागदांवर चालते. बनावटपणा सिद्ध झाला की नाही हाच वाद असेल आणि पडताळणी करणाऱ्याला प्रश्न विचारायची गरज असेल, तर मी जिल्हा ग्राहक आयोग निवडेन. तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि तुमच्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पिकअप धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा आक्षेप कंपनी घेईल. त्याला हरसोलिया मोटर्सचा २०२३ चा निकाल उत्तर आहे. विमा हा नुकसानभरपाईसाठी असतो, नफ्यासाठी नव्हे, असे त्यात म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नामंजुरीच्या पत्रात जी कारणे नाहीत, ती कंपनीला नंतर उभी करता येत नाहीत. सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे. सुनावणीत अचानक ‘गाडीत जादा माल होता’ असे कंपनी म्हणू लागली, तर ते पत्र पुढे करा. म्हणून त्याची मूळ प्रत पाकिटासकट जपून ठेवा. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून पत्र केव्हा मिळाले हेही दाखवता येते.