प्रश्नासोबत सूचनाही कार्डावर घे

व्याकरणाच्या वहीतले स्वाध्याय Anki मध्ये टाकतोयस, तर आधी स्प्रेडशीट उघड. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तरं. शेवटची ओळ जुळतेय का ते बघ. मध्ये एक उत्तर सुटलं की पुढची सगळी एक घर वर सरकतात.

पण खरी गफलत वेगळी आहे. वहीत 'अनेकवचन लिहा' ही सूचना वर एकदाच असते, खाली नुसते शब्द. तू समोर फक्त 'पान' लिहिलंस, तर दादरला लोकलमध्ये उभ्याने कार्ड बघताना काय विचारलंय तेच कळणार नाही. शिवाय Anki पहिल्या रकान्यावरून नोंद ओळखतं. नंतर समानार्थी शब्दांतलं 'पान' आयात केलंस, की आधीचं 'पाने' पुसून तिथे 'पर्ण' येतं. माझी अशी बरीच कार्डं गेली. म्हणून सूचना प्रत्येक ओळीत घाल:

```
#separator:tab
अनेकवचन लिहा: पान	पाने
समानार्थी शब्द: पान	पर्ण
```

मधली जागा टॅबची आहे. स्वल्पविराम नको, उत्तरातच स्वल्पविराम असला तर ते तिथेच तुटतं. फाइल UTF-8 मध्ये जतन कर. आयातीनंतर किती नोंदी नव्या आल्या आणि किती बदलल्या, तो आकडा वाच. पहिल्याच आयातीत 'बदललेल्या' दिसल्या, तर समोरची बाजू आधीच्या एखाद्या नोंदीसारखीच झालीय.