दरवर्षीचे शटडाउन : प्रकल्प की नित्याचे काम?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या अंकासाठी वडोदऱ्याजवळच्या रासायनिक कारखान्यांतील कामावर लेख लिहीत आहे. देखभालीसाठी दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या शटडाउनला ‘प्रकल्प’ म्हणावे की ‘नित्याचे काम’? वार्षिक ऑडिटला काय म्हणावे? दोन्ही दरवर्षी होतात, पण दोन्हींना सुरुवात आणि शेवटही असतो.

उत्तर : मोठ्या शटडाउनला प्रकल्प म्हणणे योग्य आहे, आणि ते दरवर्षी होते या कारणाने ते नित्याचे काम ठरत नाही. ऑडिटचे उत्तर मात्र आपण कोणाच्या बाजूने लिहीत आहात यावर अवलंबून आहे. ‘पुन्हा पुन्हा होते का’ आणि ‘सुरुवात-शेवट आहे का’ या आपण लावलेल्या दोन्ही कसोट्या या कामी अपुऱ्या पडतात. पाळीवरच्या ऑपरेटरच्या कामालाही सुरुवात आणि शेवट असतो, तरी त्याला कोणी प्रकल्प म्हणत नाही, कारण एक पाळी संपली की तेच काम पुढची पाळी उचलते. मला अधिक उपयोगी वाटणारी कसोटी अशी : या खेपेस काय काय करायचे ते नव्याने ठरवावे लागते का, त्यासाठी वेगळी माणसे, वेगळा पैसा आणि वेगळा प्रमुख उभा करावा लागतो का, आणि उद्दिष्ट गाठल्यावर ती सारी व्यवस्था मोडली जाते का? मागच्या वेळचा कागद फक्त तारीख बदलून पुन्हा वापरता येत असेल, तर ते नित्याचे काम समजावे.

शटडाउनला ही कसोटी लावून पाहण्यासाठी आत काय घडते ते थोडे सविस्तर पाहावे लागेल. कोयलीच्या रिफायनरीपासून बाजव्याच्या खत कारखान्यापर्यंत आपल्या परिसरातील बहुतेक मोठे प्लांट रात्रंदिवस चालणारे आहेत. पंपाची कंपने मोजणे, तेल बदलणे, गाळण्या साफ करणे ही देखभाल प्लांट चालू असतानाच होते, कारण बहुतेक ठिकाणी एक पंप चालू आणि एक राखीव असतो. पण बॉयलर, रिअ‍ॅक्टर, उंच स्तंभ, मोठे हीट एक्स्चेंजर यांना बहुधा राखीव जोडीदार नसतो, आणि ते आतून पाहायचे तर सगळेच थांबवावे लागते. बॉयलर वापरण्याचे प्रमाणपत्र साधारणपणे बारा महिन्यांचे असते आणि ते पुढे चालू ठेवण्यासाठी बॉयलर थंड करून, रिकामा करून, उघडून निरीक्षकाला दाखवावा लागतो. शटडाउनची तारीख ठरण्यामागे अनेकदा हेच कारण असते. म्हणजे तारीख नित्यक्रमातून येते. काम मात्र नित्याचे राहत नाही.

ते का राहत नाही, हे जॉब लिस्ट पाहिल्यावर कळते. शटडाउनच्या कित्येक महिने आधी उत्पादन, देखभाल, निरीक्षण, विद्युत आणि उपकरण विभाग आपापली कामे लिहून देतात, मग त्यांतील जी प्लांट चालू असतानाही करता येतील ती वगळली जातात आणि एका ठरलेल्या तारखेला यादी बंद केली जाते. त्या तारखेनंतर काम घुसवायचे तर वरिष्ठांची स्वतंत्र मंजुरी लागते, कारण प्रत्येक नव्या कामामागे मचाण, क्रेन, वेल्डर, गॅस्केट आणि परमिट यांची साखळी असते. ही यादी दरवर्षी वेगळी असते. मागच्या वर्षी उघडलेला स्तंभ यंदा उघडायचा नसतो, आणि मागच्या वर्षी ‘पुढच्या खेपेस पाहू’ म्हणून सोडलेली पाइपलाइन यंदा बदलायची असते.

त्याहून महत्त्वाचा भाग असा की यादी बंद झाली तरी काम पूर्ण कळलेले नसते. उदाहरणादाखल २१ दिवसांचे शटडाउन धरू. पहिले तीन-चार दिवस प्रत्यक्ष दुरुस्ती होतच नाही. कच्चा माल बंद करणे, दाब उतरवणे, उपकरणे रिकामी करणे, नायट्रोजन किंवा वाफेने ज्वलनशील वायू हाकलणे, पाइपांच्या जोडांत लोखंडी चकत्या म्हणजे ब्लाइंड घालून प्रत्येक उपकरण बाकीच्या प्लांटपासून तोडणे, आतली हवा मोजणे आणि मगच माणसाला आत जाण्याचे परमिट देणे, एवढे करण्यात ते जातात. पाचव्या दिवशी एखाद्या हीट एक्स्चेंजरचा ट्यूब बंडल बाहेर ओढला जातो, उच्च दाबाच्या पाण्याने धुतला जातो आणि नळ्यांची जाडी तपासली जाते. समजा ६०० नळ्यांपैकी ४० पातळ झालेल्या निघाल्या. त्या दोन्ही टोकांना बुच मारून बंद करता येतात. उष्णता देणारे क्षेत्र सुमारे ७ टक्क्यांनी घटते आणि रचनेत तेवढी सवड असेल तर पुढील शटडाउनपर्यंत निभावते. पण १५० नळ्या निघाल्या तर चौथा हिस्सा गेला, आणि तेव्हा नवा बंडलच हवा. तो ऐनवेळी मागवून मिळत नाही, घडवायला महिने लागतात. म्हणून अनुभवी नियोजक मागच्या दोन-तीन खेपांच्या जाडीच्या नोंदी पाहून बंडल आधीच मागवून ठेवायचा की नाही हे ठरवतो, आणि वेळापत्रकात व पैशांत अशा सापडणाऱ्या कामांसाठी राखीव जागा ठेवतो. जे उघडल्याशिवाय कळत नाही त्यासाठी आगाऊ राखीव ठेवावी लागणे, ही मला प्रकल्पाची सर्वांत खात्रीची खूण वाटते. तेल बदलण्याच्या कामाला अशी राखीव कोणी ठेवत नाही.

विलंबाचा हिशेबही इथे वेगळा असतो. वरच्या उदाहरणात बॉयलर उघडणे, साफ करणे, निरीक्षकाला दाखवणे, बंद करणे, पाण्याच्या दाबाची चाचणी घेणे आणि पेटवणे ही सर्वांत लांब साखळी असेल, तर एक्स्चेंजरवर दोन दिवस अधिक गेले तरी प्लांट ठरल्या दिवशी सुरू होऊ शकतो. बॉयलरवर गेले तर उत्पादन दोन दिवस पुढे जाते. कोणत्या कामाचा उशीर चालेल आणि कोणत्या कामाचा नाही, हे रोजच्या सायंकाळच्या बैठकीत नव्याने तपासावे लागते.

तरीही शटडाउनमधील प्रत्येक काम प्रकल्पाच्या जातीचे नसते, आणि गोंधळ बहुधा येथेच होतो. सुरक्षा झडपा काढून बाकावर ठरलेल्या दाबाला उघडतात का ते पाहणे आणि सील करून परत बसवणे याची पद्धत वर्षानुवर्षे तीच असते. पंप आणि मोटार एका रेषेत आणण्याचेही तसेच. ही नित्याची कामे आहेत, फक्त ती प्रकल्पाच्या वेळापत्रकात बसवलेली असतात. म्हणून ‘शटडाउन हा प्रकल्प आहे’ हे विधान संपूर्ण शटडाउनबद्दल करावे, त्यातील एकेका वर्क ऑर्डरबद्दल नव्हे.

शेवट कोणता मानायचा, हेही लेखात स्पष्ट असावे. देखभाल विभागाच्या बोलण्यात मॅनहोल बंद झाले, चाचण्या झाल्या आणि प्लांट उत्पादनाकडे सोपवला की शटडाउन संपते. उत्पादन विभाग मात्र माल ठरलेल्या दर्जाचा निघू लागेपर्यंत ते संपले असे म्हणत नाही. या दोन टोकांत काही दिवसांचे अंतर पडू शकते. सोपवण्याच्या वेळी ब्लाइंडची नोंदवही फार काळजीने तपासली जाते, कारण एखादी चकती जोडात तशीच राहिली तर सुरू करताना प्रवाह अडतो किंवा दाब नको तेथे साचतो. घातलेली प्रत्येक चकती क्रमांकाने नोंदलेली आणि काढलेली प्रत्येक चकती सहीने बंद केलेली असावी लागते.

याउलट एखाद्या लहान बॅच प्लांटचे उदाहरण घ्या, जो महिन्यातून एक दिवस रिअ‍ॅक्टर धुण्यासाठी बंद राहतो. तीच दहा-बारा कामे, तीच माणसे, तोच तपासणीचा छापील तक्ता. यालाही कारखान्यात सर्रास शटडाउनच म्हणतात, पण हे नित्याचे काम आहे. हाच प्लांट त्याच दिवशी रिअ‍ॅक्टरचे काचेचे अस्तर बदलायला निघाला, तर तेवढ्यापुरता निर्णय बदलतो.

काही जण हिशेबाच्या वह्यांवरून हा प्रश्न सोडवू पाहतात. तो मार्ग टाळावा. आपल्याकडील इंड एएस १६ या लेखा-मानकाप्रमाणे रोजच्या देखभालीचा खर्च त्या त्या वर्षीच दाखवला जातो, तर ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीचा खर्च अटी पूर्ण होत असतील तर यंत्राच्या किमतीत धरून पुढील तपासणीपर्यंत वाटला जातो. तेथे प्रश्न लाभ किती काळ मिळणार हा आहे. काम कसे चालवले गेले याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, आणि एकाच शटडाउनचा काही खर्च एकीकडे व काही दुसरीकडे पडू शकतो.

ऑडिटबद्दल थोडक्यात. कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणतः ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे लेखा विभागासाठी व्हाउचर काढून देणे, शिल्लक रकमांची खातरजमा मिळवणे, शंकांना उत्तरे देणे हा दरवर्षीचा क्रम असतो. तेथे ‘नित्याचे काम’ म्हणावे. लेखापरीक्षकाच्या फर्मकडून पाहिले तर प्रत्येक वर्षासाठी वेगळे पथक आणि जोखमीचा वेगळा विचार करून आखलेली वेगळी योजना असते, अहवालावर सही होते आणि त्यानंतर साधारण ६० दिवसांत फाइल बंद केली जाते. नेमणूक पाच वर्षांची असली तरी मत दरवर्षी स्वतंत्रपणे बनवावे लागते. म्हणून फर्मने त्याला प्रकल्प म्हटले तर ते चूक नाही. त्याच वर्षी कंपनीने हिशेबाचे सॉफ्टवेअर बदलले असेल, तर जुन्या नोंदी नव्यात नेण्याचे काम कंपनीसाठीही प्रकल्पच आहे, आणि ते ऑडिटपासून वेगळे दाखवावे.

लेखनासाठी दोन सूचना. मराठीत ‘प्रकल्प’ हा शब्द उभ्या कारखान्यालाही लावतात, त्यामुळे ‘प्रकल्प २१ दिवस चालला’ या वाक्याचा वाचक भलताच अर्थ घेऊ शकेल. कारखान्यासाठी सर्वत्र ‘प्लांट’ लिहावे. दुसरी, ‘चालू काम’ हा शब्द टाळावा, कारण त्यातून अपुरे राहिलेले काम असा बोध होतो. आपल्या लेखात मी असे लिहिले असते : “प्लांटची नित्याची देखभाल वर्षभर चालते, शटडाउन मात्र दर खेपेस स्वतंत्र प्रकल्प म्हणून आखले जाते, आणि प्लांट उत्पादन विभागाकडे सोपवल्यावर ते पूर्ण झाले असे मानतात.”