विक्री ऑर्डरची जुनी आवृत्ती कशी जपावी

विक्री ऑर्डर साठवणाऱ्या तुमच्या डेटाबेसच्या रचनेत ऑर्डर बदलली की जुनी ओळ पुसली जाते; तिथेच दुरुस्ती करा. ग्राहकाने मान्य केलेली ऑर्डर बदलायची झाल्यास आधी तिची संपूर्ण प्रत आवृत्ती क्रमांकासह वेगळ्या तक्त्यात ठेवावी, आणि मगच चालू ऑर्डरमध्ये बदल करावा. ही दोन्ही कामे डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हावीत, नाहीतर एक होऊन दुसरे राहते.

समजा, म्हापशाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे कळंगुटच्या हॉटेलाने ४० पेट्या मागवल्या आणि नंतर त्या २५ केल्या. आवृत्ती १ मध्ये ४०, आवृत्ती २ मध्ये २५, सोबत बदलणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण दिसले पाहिजे. मात्र प्रतीत दर व कर हे आकडे म्हणूनच उतरवावेत. दरपत्रकाचा नुसता दुवा ठेवल्यास पुढे दर बदलताच जुनी आवृत्तीही नवा दर दाखवू लागते, आणि ही चूक बेरीज बिलाशी जुळेनाशी झाल्यावरच लक्षात येते.

काउंटरवरचे सगळे एकाच लॉगिनने काम करत असतील (आपल्याकडे हे सर्रास चालते), तर ‘कोणी बदलले’ या रकान्याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून प्रत्येकाचे लॉगिन आधी वेगळे करा.