10 गुंठे वांग्याला पंप किती वेळ चालवायचा?

"गोराईला 10 गुंठे वांगी आहेत, ठिबक आहे, विहिरीवर 1 एचपीचा पंप आहे. बाष्पोत्सर्जनावरून हिशेब करा म्हणतात. एप्रिलमध्ये रोज पंप किती तास चालवू?"

तुमच्या हिशेबाला सुरुवातीचा आकडा लागतो तो संदर्भ बाष्पोत्सर्जनाचा, म्हणजे छाटलेल्या, पाण्याची कमतरता नसलेल्या हिरव्या गवतातून दिवसाला उडून जाणारं पाणी. मुंबईच्या किनाऱ्यावर ते जानेवारीत साधारण 3.5 ते 4 मिमी, एप्रिल-मेमध्ये 5 ते 5.5 मिमी धरा. देशावरच्या शेतकऱ्याचा मे महिन्याचा आकडा इथे लावू नका. तिथली हवा कोरडी असल्यामुळे तो मोठा असतो. आपल्याकडे ऊन कडक असलं तरी हवेत दमटपणा असतो, त्यामुळे पाणी तेवढं उडत नाही.

एप्रिलसाठी 5 मिमी घेऊ. फळं धरलेल्या वांग्याचा पीक गुणांक, म्हणजे त्या गवताच्या किती पट पाणी पिकाला लागतं तो आकडा, 1.05 आहे. 5 गुणिले 1.05 म्हणजे 5.25 मिमी. पण हा गुणांक जमीन पानांनी जवळजवळ पूर्ण, सुमारे 85 टक्के, झाकलेली आहे असं धरून दिलेला असतो. भर दुपारी वाफ्यात उभे राहा आणि सावलीने किती जमीन झाकली आहे ते बघा. समजा 70 टक्के झाकली आहे. 0.70 ला 0.85 ने भागलं की 0.82 येतं (उत्तर 1 च्या वर गेलं तर 1 च धरायचं). 5.25 गुणिले 0.82 म्हणजे सुमारे 4.3 मिमी.

1 चौरस मीटरवर 1 मिमी म्हणजे 1 लिटर. 10 गुंठे म्हणजे साधारण 1000 चौरस मीटर, तेव्हा पिकाला रोज 4300 लिटर लागतात. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली तर सोडायचं पाणी 4800 लिटर.

इथे एक चूक फार जण करतात. रोप लहान असताना तक्त्यातला सुरुवातीचा 0.6 गुणांक घेतात आणि वर त्याला सावलीच्या हिश्श्यानेही गुणतात. 0.6 मध्ये पीक लहान असल्याची सूट आधीच धरलेली आहे, त्यामुळे ती दोनदा मिळते आणि रोपं सुकतात. सावलीची पद्धत वापरायची तर सगळ्या अवस्थांना 1.05 च ठेवा. 20 टक्के सावली असलेल्या रोपांना मग सुमारे 1400 लिटर येतात.

आता तास. पंपाच्या पाटीवरचा प्रवाह घेऊ नका. तो सगळ्यात मोठा आकडा असतो, जवळजवळ काहीच उंची चढवायची नसेल तेव्हाचा. विहिरीची खोली, फिल्टर आणि पाइपातलं घर्षण यात तो बराच घटतो. त्यापेक्षा ड्रिपरच मोजा. ताशी 2 लिटरचा ड्रिपर 3 मिनिटांत 100 मिलि देतो. चार लॅटरल निवडा: सबमेनवरची पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येकीवर चार ठिकाणी ड्रिपरखाली भांडं ठेवा आणि 3 मिनिटं पाणी धरा.

समजा सोळा भांड्यांची सरासरी 80 मिलि आली, म्हणजे ताशी 1.6 लिटर. तुमच्याकडे 1.2 मीटर अंतरावर 25 मीटरच्या 33 लॅटरल आणि दर 40 सेंमीवर ड्रिपर असतील, तर ड्रिपर सुमारे 2060 होतात. एकूण प्रवाह ताशी 3300 लिटर. 4800 भागिले 3300 म्हणजे जवळजवळ दीड तास. ड्रिपरच्या छापील आकड्यावर विसंबून ताशी 2 लिटर धरले असते तर सव्वा तासाच्या आतच पंप बंद केला असता आणि पीक रोज पाचव्या हिश्श्याने तहानलेलं राहिलं असतं.

तास वाढवण्यापूर्वी त्याच सोळा भांड्यांतली सगळ्यात कमी भरलेली चार घ्या. त्यांची सरासरी एकूण सरासरीच्या 85 टक्क्यांखाली असेल तर लॅटरलचं टोक उघडून धुवा, फिल्टर साफ करा आणि पुन्हा मोजा. तशाच स्थितीत वेळ वाढवला तर चांगले ड्रिपर जमीन चिखल करतात आणि तुंबलेल्यांखालची झाडं कोरडीच राहतात.

समुद्राजवळच्या विहिरीत सलग उपसा केला की गोड पाण्याखालचं खारं पाणी वर ओढलं जातं. म्हणून हा दीड तास सकाळी 45 मिनिटं आणि संध्याकाळी 45 मिनिटं असा विभागा. वाळूसर जमिनीलाही हेच बरं, कारण एकदम दिलेलं पाणी मुळांखाली निघून जातं. जुन्या पानांच्या कडा करपू लागल्या तर पाण्याचा क्षार तपासून घ्या. ते तहानेचं लक्षण समजून नुसता वेळ वाढवू नका.

आकडा जुळला की नाही हे जमीनच सांगते. पाणी देण्याआधी सकाळी ड्रिपरपासून वीतभर अंतरावर 30 सेंमी खणा. माती मुठीत दाबून गोळा झाला, पण हात ओला झाला नाही, तर वेळ बरोबर आहे. गोळा फुटला तर 10 टक्के वाढवा, पाणी सुटलं तर तेवढेच कमी करा. मेच्या शेवटी विहिरीची पातळी उतरली की प्रवाह पुन्हा मोजा, कारण तेवढ्याच वेळात पाणी कमी पडू लागलेलं असतं.