'नांदायला ये'चा दावा, आणि त्यानंतर चालणारं एक वर्ष

"माझ्या बहिणीवर तिच्या नवऱ्याने 'नांदायला ये' म्हणून कलम ९ ची केस टाकली आहे. ती जाणार नाही. आम्ही तारखेला गेलोच नाही तर पोलीस तिला घेऊन जातील का? आणि पोटगी बंद होते का?"

पोलीस येणार नाहीत. १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना 'महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद' असं सांगितलं होतं, तो काळ वेगळा. दिवाणी कायद्यातून ही कैद १९२३ च्या दुरुस्तीने निघाली. आज कोर्टाचा हुकूमनामा मोडला तर फार तर त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करून मिळकतीवर जप्ती मागता येते. पण खान्देशातल्या कुठल्याही कोर्टात जाऊन विचारा, कलम ९ ची दरखास्त क्वचितच कुणी टाकतं. कारण साधं आहे. दावा टाकणाऱ्यांपैकी बहुतेकांना बायको घरी आणायचीच नसते.

'तारखेला जाऊ नका, तसाही आपल्याला घटस्फोटच हवाय' हा सल्ला वकिलांच्या बारमध्ये सर्रास दिला जातो. मी त्याच्याशी कितीतरी वर्षं भांडत आलो आहे, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ एकटं वाचू नका, त्याच्या शेजारी कलम १३ (१-अ) ठेवा. नांदायला येण्याचा हुकूमनामा झाला आणि त्यानंतर एक वर्ष दोघं पुन्हा एकत्र आले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही तेवढ्याच कारणावर घटस्फोट मागू शकतो. क्रूरता सिद्ध करायची नाही, व्यभिचार सिद्ध करायचा नाही. वर्षभर एकत्र आलो नाही एवढं दाखवलं की पुरे. आधी ही मुदत दोन वर्षांची होती, १९७६ मध्ये ती एक वर्षावर आणली. म्हणजे नवऱ्याच्या हाती घटस्फोटाचं एकही कारण नसेल तेव्हा हा दावा त्याला ते कारण तयार करून देतो.

आपल्याकडे वारंवार दिसणारा नमुना उदाहरण म्हणून घेऊ. मुलगी अमळनेरची, लग्न अमळनेरला मे २०२१ मध्ये, नवरा सुरतला मिलमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सातव्या महिन्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ झालं, बारशाला सासरचं कुणी आलं नाही, दवाखान्याचं बिल मुलीच्या बापाने भरलं. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरतच्या वकिलाची नोटीस आली की तुम्ही काहीही कारण नसताना दागिने घेऊन घर सोडलं. नोव्हेंबरमध्ये सुरतेत कलम ९ चा दावा दाखल झाला.

पहिली चूक इथेच होते. नोटिशीला उत्तर दिलं जात नाही. उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण पुढे उलटतपासात 'नोटीस मिळाली तेव्हा तुम्ही हे का सांगितलं नाही?' हाच प्रश्न येतो. उत्तरात शिव्याशाप नकोत, तारखा हव्यात. कुठल्या महिन्यात आली, गाडीत बसवायला कोण आलं होतं, बारशाचं निमंत्रण कुणाला फोनवर दिलं, बिल कुणी भरलं. 'घर सोडलं' आणि 'बाळंतपणाला आली, मग न्यायला कुणी आलं नाही' यात कायद्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. कलम ९ मध्ये आधी नवऱ्याला दाखवावं लागतं की बायको सहवास सोडून गेली. ती बाळंतपणाला आली आणि त्याने न्यायलाच नकार दिला, तर सहवास तिने सोडलाच नाही, त्याने सोडला. हा पहिला बचाव आहे आणि तो सर्वात मजबूत आहे, कारण दाव्याचा पायाच त्याने काढला जातो.

दुसरा बचाव 'वाजवी कारण'. मी गेले, पण जायला कारण होतं. हे कारण सिद्ध करायचा भार मात्र तिच्यावर येतो, कलमाच्या स्पष्टीकरणात तसं स्वच्छ लिहिलं आहे. मारहाण, हुंड्याची मागणी, चारित्र्यावर खोटे आरोप, घरात दुसरी बाई, ही कारणं चालतात. सासूशी पटत नाही, स्वयंपाकावरून बोलणी बसतात, एवढ्यावर सहसा चालत नाही. पुरावा म्हणजे सरकारी दवाखान्याचा त्या दिवशीचा केसपेपर, पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच, भांडण ऐकलेला सुरतेतला शेजारी. माहेरच्या चार नातेवाइकांची एकसारखी शपथपत्रं देऊ नका, उलटतपासात ती एकामागून एक कोसळतात. मोबाईलवरचे संदेश द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत जोडा, नाहीतर छापील कागद तसेच पडून राहतात.

तिसरा बचाव नवऱ्याच्या हेतूवर. त्याला खरंच नांदवायचं आहे का? पोटगीचा अर्ज टाकल्यावर महिन्याभरात त्याने कलम ९ टाकलं असेल, मुलाला एकदाही बघायला आला नसेल, दाव्यात तिच्यावर चारित्र्याचे आरोप केले असतील, तर न्यायाधीशांना हे दाखवायचं. जिला तो चारित्र्यहीन म्हणतो तिलाच घरी ये म्हणतो, हे एकमेकांशी जुळत नाही.

आता सर्वात मोठा खड्डा. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, आपले वकील पानभर क्रूरता लिहितात आणि शेवटच्या परिच्छेदात सवयीने ओळ टाकतात, 'सामनेवाली आजही नांदण्यास तयार आहे.' पोटगीच्या अर्जात ही ओळ बरी दिसते, म्हणून तीच इकडे उचलून आणतात. कलम ९ मध्ये या ओळीवर हुकूमनामा होतो. ती खरी तयार नसेल तर ओळ लिहू नका. खरी तयार असेल तर पुरसीस, म्हणजे कोर्टात लेखी निवेदन, द्या: अमुक तारखेला, अमुक पत्त्यावर, अमुक अटींवर येते. मग खरंच जा, सोबत दोन माणसं न्या, दारातून परत पाठवलं तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा.

ही काळजी का घ्यायची ते सरोज राणी विरुद्ध सुदर्शन कुमार चढ्ढा या निकालात दिसतं. तिथे दावा नवऱ्याने टाकलाच नव्हता, तो बायकोने टाकला होता. जालंधरला १९७७ मध्ये तिने कलम ९ मागितलं, नवऱ्याने संमती दिली, १९७८ मध्ये संमतीने हुकूमनामा झाला. वर्ष उलटताच त्याच हुकूमनाम्यावर नवऱ्याने घटस्फोट मागितला. ती म्हणाली, मी गेले होते, दोन दिवस राहिले आणि मला हाकलून दिलं. ते ती सिद्ध करू शकली नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोट कायम केला, आणि त्याच निकालात कलम ९ घटनेला धरून आहे असंही ठरवलं. कलम २३ म्हणतं की स्वतःच्या चुकीचा फायदा कुणी घेऊ नये, पण हुकूमनामा झाल्यावर नुसतं एकत्र न येणं ही 'चूक' धरली जात नाही, हे त्याच न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं होतं. मारहाण करून हाकलणं, दार लावून घेणं असं काहीतरी ठोस गैरवर्तन पुराव्यानिशी दाखवावं लागतं. म्हणून त्या दोन दिवसांचा पुरावा हवा.

'नवऱ्याला धडा शिकवायला आपणच कलम ९ टाकू' असं सांगणाऱ्यांना मी हाच निकाल दाखवतो.

तारखेला गेलंच नाही तर काय होतं? एकतर्फी हुकूमनामा. कागदावर कायमचं लिहिलं जातं की ती विनाकारण घर सोडून गेली. तो २ जून २०२५ ला झाला तर २ जून २०२६ नंतर नवरा घटस्फोटाचा दावा टाकू शकतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करायचा अर्ज तीस दिवसांत द्यावा लागतो. समन्सच नीट बजावलं नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवस. घटस्फोट तिलाही हवा असेल, तरी हा मार्ग वाईट. कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना दोघांचं वर्तन बघतात, आणि तिच्या वर्तनावर कोर्टाने आधीच शिक्का मारलेला असतो. दोघांना सुटायचंच असेल तर कलम १३-ब चा संमतीचा अर्ज स्वच्छ आहे. रक्कम आणि स्त्रीधन त्यात लिहून घेता येतं.

पोटगी आपोआप बंद होत नाही. १० जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नवऱ्याच्या बाजूने कलम ९ चा हुकूमनामा असला आणि बायको गेली नाही, तरी तेवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, न जाण्याचं कारण स्वतंत्रपणे तपासायचं. त्या प्रकरणात बायकोला घरातला संडास वापरू देत नव्हते. तरीही हुकूमनाम्याआधी लढणं सोपं, नंतर समजावणं अवघड. कलम ९ च्या दाव्यातच कलम २४ खाली अंतरिम पोटगी, प्रवासखर्च आणि वकिलाची फी मागा. ही रक्कम नवऱ्याने थकवली तर त्याचा दावा थांबवायला सांगता येतं.

सुरतसारखा दावा परराज्यात असेल तर तो अमळनेरला आणायला सर्वोच्च न्यायालयात बदलीचा अर्ज लागतो. शिरपूर ते अमळनेर असं असेल तर हायकोर्टाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. तान्हं मूल, उत्पन्न नाही, सोबत यायला कुणी नाही, हे अर्जात लिहा. विधी सेवा समितीचा वकील स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता फुकट मिळतो, तालुक्याच्या कोर्टातच विचारा.

दोन गोष्टी उशिरा आठवल्या. लग्न विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीने झालं असेल तर कलम ९ नाही, त्या कायद्याचं कलम २२ लागतं. आणि नंदुरबार-धुळ्याकडे दोघंही भिल्ल, पावरा किंवा अशाच अनुसूचित जमातीचे असतील तर कलम २(२) प्रमाणे केंद्राच्या अधिसूचनेशिवाय हिंदू विवाह कायदा त्यांना लागूच होत नाही. दाव्याला पहिली हरकत हीच घ्यायची, ती कैफियतीच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

समन्सवर तारीख आणि कोर्टाचं नाव असतं. उद्या तो कागद घेऊन वकिलाकडे जा. नोटिशीचा लिफाफाही न्या, पोस्टाचा शिक्का असलेला. तो बहुतेक घरात फेकून दिलेला असतो.