पाळीआधीचा दीड किलो: पाणी की चरबी?

"पाळी यायच्या आधी आठवडाभर पोट टम्म फुगतं, वजन दीड किलो वाढतं. डाएट नीट चालू आहे. हे खरंच वजन वाढलंय की नुसतं पाणी?"

अगं, आधी माझ्या वहीतले आकडे सांगते. पाळीच्या सातव्या दिवशी ६१.८, विसाव्या दिवशी ६२, सव्विसाव्या दिवशी ६३.४, पाळी आली त्या सकाळी ६३.५, चौथ्या दिवशी ६२.३ आणि परत सातव्या दिवशी ६१.९. आता हिशोब कर, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे विसाव्या ते सव्विसाव्या दिवसात १.४ किलो चरबी चढायला सहा दिवस रोज १८०० कॅलरी जास्तीच्या खायला हव्यात, जवळजवळ दुप्पट जेवण! तेवढं मी खाल्लं नव्हतं, आणि चरबी असती तर चार दिवसांत उतरलीही नसती.

ओव्ह्युलेशननंतर हार्मोन्स बदलतात त्यात अंगात मीठ-पाणी धरून ठेवलं जातं, वर प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी मंदावतात, मग गॅस आणि बद्धकोष्ठ. म्हणून पोट फुगणं आणि काटा वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेव. गॅसने पोट संध्याकाळी ढोलासारखं होतं, सकाळी पोट साफ झालं की बरंच बसतं, पण त्याने वजन फारसं हलत नाही. पाणी असेल तर अंगठी रुतते, मोज्याचा वळ उठतो, छाती जड होऊन दुखते. आणि पाळी आली की लगेच उतरेल असं धरू नकोस, पहिल्या दिवशी बऱ्याच जणींना सगळ्यात जास्त सूज असते.

मग ओळखायचं कसं? सातव्या दिवसाची तुलना पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाशीच करायची, सकाळी टॉयलेटला जाऊन आल्यावर, चहापाण्याच्या आधी, तोच काटा. सोबत बेंबीपाशी टेप लाव. गेल्या दिवाळीनंतर माझे सातव्या दिवसाचे आकडे ६१.९, ६२.६, ६३.२ असे चढत गेले आणि कंबरही दोन सेंटीमीटर वाढली, ती खरी चरबी होती, चकलीची. पाळीआधी भूक वाढते ना, त्यात ती गुपचूप चढते आणि आपण "पाणीच आहे" म्हणून सोडून देतो (मी तेच केलं).

त्या आठवड्यात लोणचं, पापड, फरसाण कमी कर, पाणी मात्र तोडू नकोस. कोणी सांगितलं म्हणून लघवीच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नकोस, त्याने पोटॅशियम खाली जाऊ शकतं. आणि पाळी होऊन गेल्यावरही पोट फुगलेलंच राहिलं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटलं, तर गायनॅकला दाखव. एकाच पायाला सूज किंवा दम लागणं असेल तर पाळीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.