बोट हरवली की जिथून शेवटचा कॉल आला तिथेच का नाही शोधत? आणि विमान रिकाम्या समुद्रात सरळ रेषा मारत का फिरतं?

मी मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर आहे, रेस्क्यू सेंटरचा माणूस नाही. पण एकदा आमच्या जहाजाला हरवलेल्या मच्छीमार बोटीच्या शोधात वळवलं होतं, आणि समुद्रातल्या शोध-बचावाच्या आयमसार मॅन्युअलचा तिसरा खंड प्रत्येक जहाजाच्या ब्रिजवर असतोच, त्यामुळे हे गणित हाताखालून गेलंय.

समजा एप्रिलमध्ये रत्नागिरीपासून २० सागरी मैल बाहेर एका छोट्या बोटीचं इंजिन बंद पडलं, संध्याकाळी ६ ला तिने व्हीएचएफ रेडिओवर शेजारच्या बोटीला पोझिशन सांगितली आणि मग काहीच नाही. विमान तिथे पोचणार पहाटे ६ ला. म्हणजे १२ तास बोट वाहतेय. कशाने? एक पाण्याचा प्रवाह, दुसरा वारा जो बोटीच्या अंगाला ढकलतो, त्याला लीवे म्हणतात. प्रवाह धरा दक्षिणेला अर्धा नॉट, म्हणजे ताशी अर्धा सागरी मैल, १२ तासांत ६ मैल. वारा वायव्येकडून १५ नॉट, आणि असली बोट वाऱ्याच्या साधारण ४ टक्के वेगाने सरकते असं धरलं तर ०.६ नॉट, म्हणजे ७.२ मैल आग्नेयेला. दोन्ही जोडले की बोट मूळ जागेपासून १२ मैल लांब. त्या अंदाजाच्या जागेला डेटम म्हणतात.

आता खरी गंमत इथे आहे. बोट बरोब्बर वाऱ्याच्या दिशेने जातच नाही. बांधणीमुळे, वजन कुठे आहे त्यामुळे ती वाऱ्याशी तिरपी पडते आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे घसरत राहते, कोणत्या बाजूला ते आधी सांगता येत नाही आणि एकदा एक बाजू धरली की बराच वेळ तीच. दोन्ही बाजूंना ३०-३० अंशांचा फरक धरला तर १२ तासांनी डावा आणि उजवा असे दोन डेटम निघतात, एकमेकांपासून ७ मैलांवर! म्हणून मधला एकच बिंदू धरून शोधलं तर बोट दोन्हीकडून निसटू शकते.

त्यात मूळ पोझिशन किती चुकली असेल (३ मैल धरू) आणि ड्रिफ्टची चूक (जुन्या हिशोबात वाहिलेल्या अंतराच्या ३० टक्के) यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं, पहिल्या शोधाला त्याला १.१ ने गुणलं, की प्रत्येक डेटमभोवती साधारण ५ मैलांचं वर्तुळ येतं. दोन्ही वर्तुळं झाकणारा चौकोन काढला की जवळपास १८ बाय १० मैल, म्हणजे १८० चौरस मैल. आमच्यासारखं जहाज १२ नॉटने, १ मैल अंतराच्या रेषा मारत गेलं तर १५ तास लागतील, तेही रात्र न मोजता. १२० नॉटचं विमान त्याच अंतराने दीड तासात करेल. विमान आधी का पाठवतात ते कळलं असेल.

त्या सरळ रेषा म्हणजे पॅरलल ट्रॅक. शक्यतो वाहण्याच्या दिशेला समांतर मारतात, कारण तुम्ही एक पट्टा संपवून वळेपर्यंत बोट ताशी एक मैल सरकलेली असते आणि आडव्या रेषा मारल्या तर ती न बघितलेल्या पट्ट्यातून बघून झालेल्या पट्ट्यात घुसू शकते. जागा पक्की माहीत असेल आणि क्षेत्र लहान असेल तर वाढत जाणारा चौकोन मारतात, १-१-२-२-३-३ अशा लांबीच्या बाजू.

आणि रेषा मारून झाल्या म्हणजे ते क्षेत्र 'क्लिअर' असं नसतं हां. रेषांमधलं अंतर नजरेच्या पट्ट्याइतकंच ठेवलं तरी सापडण्याची शक्यता हवामान चांगलं असेल तर ७८ टक्के, खराब असेल तर ६३. मी ब्रिज विंगवर दुर्बीण घेऊन उभा होतो, सूर्य समोर, पांढऱ्या लाटा, आणि मी एक निळा ड्रम बोट म्हणून रिपोर्ट केला. वीस मिनिटं त्यातच गेली.

आता हे हाताने कमीच करतात. हैदराबादच्या इन्कॉइसचं सारट नावाचं टूल आहे, वस्तूचा प्रकार, जागा, वेळ टाकली की ते अनेक शक्यता वाहवून दाखवतं. पण टूललाही प्रकार लागतोच. पाण्यातला माणूस वाऱ्याने बोटीपेक्षा खूप कमी सरकतो, त्यामुळे बोट उलटली असेल तर बोट आणि माणसं हळूहळू एकमेकांपासून लांब जातात.

म्हणूनच किनाऱ्यावरच्या घरच्यांना आणि साथीदार बोटींना तटरक्षक दलाच्या १५५४ या नंबरवर रंग, छप्पर, माणसं किती असं विचारून विचारून हैराण करतात. आणि नांगर होता का, हे तर विचारतातच. कारण नांगर धरला असेल तर बोट शेवटचा कॉल आला तिथेच आहे, आणि वरचं सगळं गणित तिला लागूच होत नाही.